शेवटी येणारे ‘नका’

ठगांची मराठी माझ्या मराठीपेक्षा चांगली असते, हे मला व्यवसायाने मान्य करावे लागते. मी मोबाइल वापरणाऱ्या सामान्य माणसांसाठी फसव्या मेसेजांविषयीच्या सूचना इंग्रजीतून मराठीत आणतो. त्यामुळे एका बाजूला ठगाचा मूळ मेसेज आणि दुसऱ्या बाजूला त्यापासून सावध करणारी अधिकृत सूचना, असे दोन्ही मजकूर माझ्यासमोर शेजारीशेजारी असतात. ठग लिहितो, ‘तुमचे लाईट बिल भरलेले दिसत नाही. आज रात्री साडेनऊला वीज बंद होईल. लगेच या नंबरवर फोन करा.’ अधिकृत सूचना म्हणते, ‘ग्राहकांना याद्वारे सूचित करण्यात येते की, अज्ञात स्रोतांकडून प्राप्त झालेल्या संशयास्पद दुव्यांवर टिचकी मारण्यापासून त्यांनी परावृत्त राहावे.’ पहिला मेसेज वाचणारा माणूस घाबरून फोन लावतो आणि दुसरा वाचणारा माणूस जांभई देतो. ठगाला त्याचा मजकूर पाच खात्यांकडून मंजूर करून घ्यावा लागत नाही, एवढाच काय तो दोघांत फरक.

माझी खरी कसोटी पाहिली ती मात्र एका अगदी साध्या वाक्याने. एका वित्तसंस्थेने पाठवलेल्या इंग्रजी सूचनेचा अर्थ एवढाच होता की, केवायसी करण्यासाठी अनोळखी ठिकाणाहून आलेली लिंक उघडू नका. मी सरळ अनुवाद केला: ‘आपले केवायसी अद्ययावत करण्यासाठी अज्ञात स्रोतांकडून आलेल्या लिंकवर क्लिक करू नका.’ व्याकरण चोख होते, अर्थ पूर्ण होता, आणि संस्थेच्या अधिकाऱ्यांनी ‘उत्तम’ असा शेराही दिला. मजकूर पुढे जाण्यापूर्वी तो खऱ्या फोनवर खऱ्या माणसाला दाखवावा, असा माझा शिरस्ता आहे. म्हणून मी तो शेजारच्या मावशींच्या फोनवर पाठवला. मावशींनी कुलूपबंद पडद्यावर आलेली एक ओळ वाचली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि म्हणाल्या, “केवायसी करायला सांगताहेत. पण अरे, लिंक कुठाय?”

पडद्यावर दिसत होते ते एवढेच: ‘आपले केवायसी अद्ययावत करण्यासाठी अज्ञात…’ इंग्रजी वाक्यात नकार पहिल्याच पावलाला आडवा येतो. ‘डू नॉट’ वाचून झाल्याशिवाय पुढे काय आहे ते कळतच नाही. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही मागे, त्यामुळे आधी केवायसी येते, मग लिंक येते, मग क्लिक येते, आणि सगळी वरात पुढे गेल्यावर ‘नका’ येते. सावकाश वाचणाऱ्या माणसाला याने काही फरक पडत नाही. परंतु सूचना सावकाश वाचण्याची प्रथा फोनवर नाही. तीन टिंबांच्या मागे ‘नका’ दडले की इशाऱ्याचे आमंत्रण होते, आणि तेही संस्थेच्या अधिकृत नावाने.

एसएमएसचा हिशेब तर याहून चमत्कारिक आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन लिपीचे एक अक्षर सात बिटांत बसते, म्हणून इंग्रजीला १६० जागा मिळतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सामान्यतः सोळा बिट लागतात, म्हणून आपल्याला मिळतात ७०. चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. काना वेगळा मोजतात, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्तही वेगळा. ‘स्वीकारण्यासाठी’ हा शब्द डोळ्यांना सहा अक्षरांचा दिसतो, पण यंत्र त्याच्या पंधरा जागा लावते. मजकूर ७० च्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात, आणि तुकडे पुन्हा जोडण्याची खूण सोबत ठेवावी लागत असल्यामुळे प्रत्येक तुकड्यात ६७ च जागा उरतात. माझे वर दिलेले वाक्य ८१ जागांचे होते. मी पेन्सिल घेऊन मोजले, तर पहिला तुकडा बरोबर ‘लिंकवर’ या शब्दानंतरच्या मोकळ्या जागेपाशी संपत होता आणि दुसऱ्या तुकड्यात ‘क्लिक करू नका.’ एवढेच उरत होते. फोन सहसा दोन्ही तुकडे सांधून दाखवतो. परंतु दुसरा तुकडा वाटेत रेंगाळला तर सगळा शहाणपणा त्याच्याबरोबरच रेंगाळणार.

मग मी वाक्य उलटे केले: ‘फसू नका! केवायसीसाठी बँक लिंक पाठवत नाही. आलेली लिंक खोटी समजा.’ नकार आरंभी आला, एकूण जागा ६३ झाल्या, आणि मावशींनी पहिल्याच ओळीला फोन खाली ठेवला. संस्थेत मात्र खळबळ उडाली. कायदा खात्याच्या साहेबांनी ‘पाठवत नाही’ऐवजी ‘सामान्यतः पाठवत नाही’ असे सुचवले. मी कारण विचारले.

“त्याचं असं आहे,” साहेब जरा घुटमळत म्हणाले, “आपलं मार्केटिंग खातं अधूनमधून पाठवतं.”

‘सामान्यतः’ या एका शब्दात ठगाला राहण्याजोगी प्रशस्त जागा असते, हे मी त्यांना परोपरीने सांगितले. ज्या दिवशी ठगाची लिंक येते तो दिवस ग्राहकाच्या मते असामान्यच असतो. अखेर मार्केटिंग खात्याने केवायसीपुरता लिंकांचा मोह सोडला. वाक्य बदलण्यापेक्षा वस्तुस्थिती बदलणे सोपे गेल्याचा असा प्रसंग अनुवादकाच्या वाट्याला क्वचित येतो.

पैसे देण्याच्या खोट्या लिंकांविषयीची सूचना याहून अवघड निघाली, कारण तिथे फसणारा माणूस आपण पैसे देत आहोत असे समजतच नाही. जुने कपाट विकायला काढलेल्या माणसाला फोन येतो, पलीकडचा गृहस्थ घासाघीस न करता आगाऊ रक्कम देऊ करतो आणि म्हणतो, “तुम्हाला लिंक पाठवली आहे, उघडा आणि पिन टाकून पैसे जमा करून घ्या.” पूर्वी यासाठी यूपीआयवर पैसे मागण्याची विनंती सर्रास पाठवली जात असे. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी विनंती पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. व्यापाऱ्यांसाठी ती चालू आहे, आणि क्यूआर कोड व लिंका तर आहेतच. अशा लिंकेच्या पोटात काय असते, ते एकदा उघडून पाहण्यासारखे आहे:

```
upi://pay?pa=refund@example&pn=Refund&am=4999
```

`pa` म्हणजे पैसे ज्याला जाणार त्याचा पत्ता, `pn` म्हणजे लिंक बनवणाऱ्याने त्याला दिलेले नाव आणि `am` म्हणजे रक्कम. आरंभीचा `pay` हा शब्दच ‘द्या’ असे सांगतो, आणि देणारा कोण, तर लिंक उघडणारा. ‘रिफंड’ हे नाव ठगाने स्वतः ठेवलेले असते, त्यावर कोणी आक्षेप घेत नाही. पैसे घेणाऱ्याचे बँकेकडे नोंदलेले नावच ॲपने दाखवावे, असा नियम २०२५ मध्ये झाला, म्हणून पिन टाकण्यापूर्वी पडद्यावरचे नाव वाचणे उपयोगाचे असते. पण समोरचा फोनवर अखंड बोलत असतो, आणि तो बोलतो तेच मुळी नाव वाचले जाऊ नये म्हणून.

इंग्रजी सूचनेचा अनुवाद माझ्याआधी कोणीतरी करून ठेवला होता: ‘पैसे स्वीकारण्यासाठी आपला यूपीआय पिन कधीही प्रविष्ट करू नये.’ मावशींनी तो वाचून अत्यंत समंजस अर्थ काढला. त्या म्हणाल्या, “म्हणजे पैसे नको असतील तर टाकायचा.” यात त्यांना हसण्यासारखे काही नाही. वाक्य काय करू नये ते सांगते, पण पिन टाकल्यावर काय घडते ते सांगतच नाही. पिनचा पडदा समोर आला म्हणजे पैसे बाहेर निघाले, एवढे एकदा कळले की मनाईची गरज उरत नाही. म्हणून मी लिहिले: ‘पैसे घेताना पिन लागत नाही. पिन मागितला तर पैसे तुमच्याकडून जात आहेत.’ मोजले तर जागा ६८. दोन जागा शिल्लक राहिल्याचा आनंद मला इतका झाला की, तो मी घरात सर्वांना सांगितला, आणि कोणालाही त्यात विशेष वाटले नाही.

खोटी लिंक कशी दिसते याचा नमुना सूचनेत द्यावा, अशीही एक मागणी आली. नमुना असा असता: `https://tumchibank.bank.in.kyc.example/login`. दोन तिरप्या रेघांनंतर वाचत जावे, पुढची पहिली एकेरी तिरपी रेघ आली की थांबावे, आणि तिथून उलटे, उजवीकडून डावीकडे पाहावे; मालक तिथे सापडतो. इथला मालक `kyc.example` आहे आणि त्याच्या डावीकडचे सारे त्याने स्वतःच्या मर्जीने रंगवलेले आहे. भारतीय बँकांना `bank.in` हा स्वतंत्र पत्ता रिझर्व्ह बँकेने नेमून दिला, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु तो शेवटी असावा लागतो, मध्ये नव्हे, हे एका एसएमएसमध्ये सांगून दाखवावे. शिवाय नमुना म्हणून छापलेली खोटी लिंकही फोन इमानेइतबारे निळी करतो आणि तिच्याखाली रेघ ओढतो. ‘ही उघडू नका’ असे सांगत आपणच ती बोटाखाली सरकवून द्यायची! तपासनीस मंडळी यावर उपाय म्हणून टिंबाला चौकोनी कंस घालतात, पण तसे केले तर खऱ्या लिंकेत कंस नाहीत म्हणून ती चांगली, असा निष्कर्ष निघण्याचा धोका असतो. मी नमुना काढून टाकला आणि त्या जागी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर देऊन ‘फसलात तर लगेच 1930 ला फोन करा’ असे घातले. फोनच्या कीपॅडवर सहसा इंग्रजी अंकच असतात, म्हणून सूचनेत आकडा इंग्रजी ठेवला. या लेखात तो १९३० असा लिहायला माझी हरकत नाही. ‘लगेच’ हा शब्द मात्र दोन्हीकडे तसाच राहील, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळण्याआधी तक्रार पोहोचली तरच ते अडवता येतात.

सगळे मंजूर झाल्यावर वरिष्ठांकडून शेवटची दुरुस्ती आली. पिनच्या सूचनेच्या आरंभी ‘प्रिय ग्राहक,’ हे शब्द असावेत, कारण त्यांच्याविना मजकूर उद्धट वाटतो. मी मोजले. स्वल्पविराम आणि मोकळी जागा धरून चौदा. ६८ चे ८२ झाले, एका एसएमएसचे दोन झाले आणि खर्च दुप्पट झाला. सौजन्याची ही किंमत हिशेब खात्याला कळताच त्यांनी त्याच दिवशी ‘प्रिय ग्राहक’ कापून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच फोनवर एक मेसेज आला: ‘प्रिय ग्राहक, तुमचे खाते आज बंद होणार आहे.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी तो संस्थेच्या वरिष्ठांकडे पाठवून दिला, आणि त्यांनी उत्तरात विचारले की, हा अनुवाद कोणी केला आहे, त्याचा नंबर मिळेल का.