सूर्योदयाचा नियम विहिरीला लावू नका
एकाच जागेचे वेगवेगळ्या उजेडात फोटो काढून तुलना करायला सांगणाऱ्या एका लेखात हे वाक्य वाचलं: ‘विषय कुठलाही असो, सूर्योदयाचा फोटो दुपारच्या फोटोपेक्षा सरसच येतो.’

उघड्यावरच्या देवळाला हे लागू पडेल, पण साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीत उतरून बघा. सकाळचं तिरपं ऊन फक्त वरच्या कठड्याला लागतं. तिथे दगड सोनेरी दिसतो आणि खाली सगळा काळोख. कठडा नीट आला तर पाणी काळं ठिक्कर पडतं, पाणी उजळवलं तर कठडा पांढराफटक होतो. उलट मेच्या मध्यात साताऱ्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. साडेबाराच्या सुमारास ऊन सरळ तळापर्यंत जातं आणि विहिरीची खोली खरी तेव्हाच कळते. कोरीव शिल्पांवर मात्र सावल्या कडक पडतात. ती मला ढगाळ दिवशीच आवडतात, कारण मऊ उजेडात काळ्या दगडातले बारकावे दोन्ही बाजूंनी दिसतात. तेव्हा फ्रेममध्ये आभाळ घेऊ नका, ते नुसतं पांढरं येतं.

आणखी एक गोष्ट त्या लेखात राहिली. सकाळचा, दुपारचा आणि ढगाळ दिवसाचा असे तिन्ही फोटो एकाच जागेवरून, ट्रायपॉडवर, एकाच लेन्सने आणि एकाच अ‍ॅपर्चरला घ्या, शटर तेवढं बदला. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, ‘डेलाइट’वर पक्का ठेवा. ऑटोवर कॅमेरा सकाळचा पिवळेपणा आणि ढगाळ दिवसाची निळसर झाक दोन्ही बऱ्याच अंशी पुसून टाकतो, मग तुलना करायची कशाची?