गुडघ्याची गोळी आणि पोटाचं सारवण

फिरत असलेला मेसेज: "गुडघेदुखीची गोळी उपाशीपोटी घेतली तरच पोटाला बाधते. पोटभर जेवून घ्या, नाहीतर सरळ इंजेक्शन घ्या, अल्सरचा प्रश्नच नाही. काही झालंच तर जळजळ होऊन आधी कळतं. सोबत देतात ती गॅसची गोळी निव्वळ धंदा आहे, रोज घेतली की हाडं ठिसूळ होतात. आजच बंद करा आणि घरातल्या सगळ्या ज्येष्ठांना पाठवा."

तासगावात माझं मेडिकलचं दुकान आहे. हा मेसेज मला काउंटरवर इतक्या जणांनी मोबाइल पुढे करून दाखवला की आता एकेका माणसाला सांगत बसण्यापेक्षा लिहूनच टाकतो.

आधी जेवणाचं आणि इंजेक्शनचं. आपल्या जठरात तयार होणारं आम्ल इतकं जहाल असतं की ते जठराचीच भिंत खाऊन टाकेल. तसं होत नाही, कारण भिंतीवर आतून सतत सारवण चालू असतं: चिकट स्रावाचा थर, त्याखाली आम्ल मारणारा क्षार, आणि झीज भरून काढायला भरपूर रक्तपुरवठा. हे सारवण चालू ठेवतात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं. अडचण अशी की गुडघ्यात सूज आणि ठणका वाढवणारी द्रव्यंही त्याच घराण्यातली. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्या गुडघ्यातलं त्यांचं उत्पादन थांबवतात, म्हणून आराम पडतो. आणि त्याच वेळी जठरातलंही थांबवतात. हे काम नेमकं कसं होतं ते जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्याला त्यासाठी नोबेल मिळालं.

म्हणजे मुख्य नुकसान गोळी जठरात पडून घासल्याने होत नाही. औषध रक्तात जातं आणि रक्तातून जठराच्या भिंतीपर्यंत पोचतं. मग ते तोंडावाटे गेलं काय, कमरेत सुईने गेलं काय, सारवण थांबतंच. जेवून गोळी घेतली तर मळमळ आणि पोटातलं ढवळणं कमी होतं, तेवढ्यासाठी जेवून जरूर घ्या. पण अल्सर त्याने टळत नाही. जठरात न विरघळणारा थर चढवलेल्या गोळ्यांचंही तेच. बाजारच्या दिवशी दोन-दोन इंजेक्शनं घेऊन "पोटाचं टेन्शन नाही" म्हणत गावी जाणारी म्हातारी माणसं मी दर आठवड्याला पाहतो. त्यांचा समज या एकाच गैरसमजुतीवर उभा आहे.

आता आधी कळण्याचं. इथे मी एका मावशींबद्दल सांगतो. नाव-गाव सांगत नाही.

वय ७१. आयुष्य द्राक्षबागेत विरळणी, डिपिंग करण्यात गेलेलं, दोन्ही गुडघे झिजलेले. चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेली, म्हणून रोज रात्री ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन. गुडघ्यासाठी एसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. आणि या सगळ्यावर राखण म्हणून सकाळी एक पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम. नातवाने वरचा मेसेज वाचून दाखवला आणि त्यांनी ती सकाळची गोळी सोडली. पुढे कंबर धरली म्हणून दुसऱ्या दुकानातून आणखी एक दुखण्याची गोळी आणली. ती निघाली डायक्लोफेनॅक. नाव वेगळं, पत्त्याचा रंग वेगळा, पण आतलं औषध एकाच जातीचं. ॲस्पिरिनही त्याच जातीचं. म्हणजे सारवण थांबवणारी तीन औषधं एका वेळी, आणि राखण करणारं एकही नाही.

साधारण सहा आठवड्यांनी त्या मुलाबरोबर दुकानात आल्या.

"दादा, लई अशक्तपणा आलाय. ताकदीची बाटली द्या एक."

बोलताना त्यांनी काउंटरची काच दोन्ही हातांनी धरली होती. पायरी चढल्यावर लागलेली धाप खाली बसत नव्हती. मी डोळ्याची खालची पापणी ओढून बघायला सांगितली तर आतली बाजू पिवळट पांढरी.

"मावशी, शौचाला काळं होतंय का?"

"होय की. चार दिस झालं. डांबरागत, चिकाट. वासबी लई घाण."

"पोटात दुखतंय? जळजळ?"

"न्हाय बा. पोटाचं काय न्हाय."

पोटाचंच होतं सगळं. टॉनिक दिलं नाही. मुलाला तिथल्या तिथे गाडी काढायला लावून मिरजेला धाडलं. हिमोग्लोबिन ६.९. दोन बाटल्या रक्त चढवलं, दुर्बिणीतून पाहिलं तर जठराच्या खालच्या तोंडाजवळ दीड सेंटिमीटरचा अल्सर आणि त्यातून पाझरणारी रक्तवाहिनी. दुर्बिणीतूनच क्लिप लावून ती बंद केली. डिस्चार्ज कार्ड त्यांनी नंतर मला आणून दाखवलं, त्यावरून हे लिहितो आहे.

त्यांना दुखलं का नाही? एक तर दुखण्याची गोळी गुडघ्याबरोबर पोटाचंही दुखणं दाबते. दुसरं, वय वाढलं की पोटाच्या आतली वेदना तितकी जाणवत नाही. या गोळ्यांमुळे झालेल्या अल्सरचं पहिलं लक्षण थेट रक्तस्राव किंवा जठराला पडलेलं भोक असू शकतं, आणि म्हाताऱ्या माणसांत हे बऱ्याचदा घडतं. उलट बाजूही तितकीच खरी आहे: जळजळ होणाऱ्या अनेकांना दुर्बिणीत अल्सर सापडत नाही. म्हणून जळजळ आहे की नाही, यावरून आत काय चाललंय ते ठरवता येत नाही.

ओळखायचं ते शौचावरून. रक्त जठरात आम्लात मुरलं की डांबरासारखं काळं, चकचकीत, चिकट होतं, पाणी टाकून सहज जात नाही आणि वास नेहमीपेक्षा फार वेगळा, उग्र येतो. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, पण ते हिरवट काळं आणि बांधीव असतं, चिकटत नाही. फरक कळत नसेल तर रक्तस्राव समजूनच दवाखान्यात जा. कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, गार घाम, ही त्याच दिवशी, त्याच तासाला निघायची लक्षणं. रक्त हळूहळू झिरपत असेल तर काळंही दिसत नाही, नुसता अशक्तपणा वाढत जातो. म्हणून दुखण्याची गोळी कायम चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाला धाप लागत असेल तर टॉनिकच्या आधी हिमोग्लोबिन बघा.

राहिली गॅसची गोळी. मुळात हे नाव चुकीचं पडलंय. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या गोळ्या गॅससाठी नाहीत. त्या जठरातले आम्लाचे पंप बंद करतात. सारवण थांबलेलंच राहतं, पण भिंतीवर मारा करणारं आम्ल कमी होतं, म्हणून भिंत टिकते. हे पंप जेवणाच्या चाहुलीने जागे होतात आणि गोळी फक्त जाग्या पंपांनाच पकडते. म्हणून ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. जेवल्यावर घेतली तर परिणाम कमी पडतो. पूर्ण जोर यायला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे "जळजळलं की एक" हा हिशोब इथे चालत नाही. त्याउलट गुलाबी-पांढऱ्या पातळ औषधाने तासाभरापुरती जळजळ विझते आणि अल्सर आत तसाच राहतो.

मेसेजमध्ये एक कण खरा आहे, तो मी मान्य करतो. ही गोळी कारण नसताना वर्षानुवर्षं घेणारे लोक खूप आहेत. तिशीतल्या तब्येतीने ठणठणीत माणसाने मुरगळलेल्या पायासाठी तीन दिवस गोळी घेतली तर तिच्या जोडीला पँटोप्राझोल लागतच असं नाही. पण वय ६५च्या पुढे, आधी कधी अल्सर झालेला, सोबत ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं औषध, किंवा स्टेरॉइड चालू, यातलं काही असेल तर दुखण्याच्या गोळीबरोबर ती हवीच. मावशींच्या बाबतीत वय आणि ॲस्पिरिन दोन्ही होतं.

हाडांबद्दल: दीर्घकाळ ही गोळी घेणाऱ्यांमध्ये हाड मोडण्याचं प्रमाण किंचित जास्त आढळतं, असं निरीक्षणातून दिसलं होतं. पण अशी गोळी घेणारी माणसं आधीच जास्त आजारी असतात, त्यामुळे दोष गोळीचा की आजारपणाचा हे नुसत्या निरीक्षणाने सांगता येत नाही. मग १७ हजारांहून जास्त हृदयरुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून, एकाला पँटोप्राझोल आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी गोळी साधारण तीन वर्षं दिली गेली. २०१९ मध्ये निकाल आला. हाडं मोडण्यात फरक नाही; आतड्याचे संसर्ग तेवढे थोडे जास्त. अनेक वर्षं चालू असेल तर बी-१२ आणि मॅग्नेशियम तपासून घ्यावं, हे बरोबर. स्टेंटनंतर क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल टाळतात आणि पँटोप्राझोल देतात, हेही डॉक्टरांना आठवण करून द्या. मी गिऱ्हाइकांना सांगतो ते इतकंच: दोघींची जोडी आहे. दुखण्याची गोळी आहे तोवर ही राहील, आणि ती कायमची सुटली की ही बंद करायची का ते डॉक्टरांना विचारा.

या राखणीलाही मर्यादा आहे. आम्ल जठरात आणि त्याच्या लगतच्या आतड्यात असतं. त्याच्या खाली आतड्याला होणारी इजा ही गोळी थांबवत नाही. दुखण्याच्या गोळीने किडनीवर आणि रक्तदाबावर होणारा परिणामही नाही. म्हणून खरी बचत दुखण्याची गोळी कमी करण्यात आहे. मावशींची ती आता पूर्ण बंद आहे. गुडघ्यावर डायक्लोफेनॅकची जेल दिवसातून तीन-चार वेळा, त्यातलं औषध रक्तात फारच थोडं जातं. जास्त ठणकलं तर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत साधी पॅरासिटामॉल. त्यांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही सापडला होता. तो एकटाही अल्सर करतो आणि या गोळ्यांच्या जोडीला असला की धोका आणखी वाढतो. चौदा दिवसांच्या औषधांनी तो काढला. ॲस्पिरिन मात्र डॉक्टरांनी काही दिवसांतच पुन्हा सुरू केलं, स्टेंट असल्यामुळे. ॲस्पिरिन आहे तोवर सकाळची पँटोप्राझोलही आहे. काळं शौच दिसलं तर दुखण्याची गोळी लगेच थांबवा, पण स्टेंट असेल तर ॲस्पिरिन आपल्या मनाने सोडू नका. तो निर्णय दवाखान्यातच होऊ द्या.

मावशी आता दर महिन्याला घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणतात आणि मी मागची बारीक अक्षरं वाचून दाखवतो. हे तुम्हीही करून घ्या. काही कॅप्सूलमध्ये एसिक्लोफेनॅक आणि राबेप्राझोल एकत्रच असतं, तिथे वर आणखी पँटोप्राझोल नको. आणि दहाऐवजी चार गोळ्या मागितल्या की आम्ही दुकानदार पत्ता कापून देतो, तेव्हा औषधाचं नाव बऱ्याचदा आमच्याकडच्या तुकड्यावर राहतं. नाव छापलेला तुकडा मागा, नाहीतर मोबाइलवर त्याचा फोटो काढून घ्या.