एकाच लॉगिनसाठी दोन कोड: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "आमच्याकडे सत्तरी तालुक्यात ओटीपीचा एसएमएस उशिरा येतो. तेवढ्यात कॉल येतो आणि त्यात वेगळाच कोड सांगतात. मग एसएमएस येतो, पण त्यातला कोड चालत नाही. कॉलमुळे गोंधळच वाढतो, तरी तुम्ही त्याची शिफारस कशी करता?"

नमस्कार. कॉलमध्ये वाचून दाखवायचा कोड एसएमएसमध्ये पाठवलेलाच असला पाहिजे, हे मी कॉलची शिफारस करणाऱ्या लेखात स्पष्ट लिहायला हवे होते. फोंड्यातील एका पतसंस्थेसाठी लॉगिनची व्यवस्था बांधताना ही चूक मी स्वतः केली आहे. एका सभासदाने सकाळी 10 वाजता कोड मागितला. 40 सेकंदांत एसएमएस पोहोचल्याची पावती आली नाही, म्हणून आमच्या यंत्रणेने पहिला कोड रद्द करून नवा तयार केला आणि कॉल लावला. मिनिटभराने पहिला एसएमएस येऊन पडला. कानांनी ऐकलेल्या आकड्यापेक्षा डोळ्यांसमोर लिहिलेल्या आकड्यावर माणसाचा भरवसा अधिक असतो. त्यांनी तोच तीनदा टाकला आणि खाते अडकले.

दुरुस्ती करताना कळले की आम्ही कोडचा फक्त हॅश, म्हणजे उलट फिरवून मूळ कोड काढता येत नाही असे रूप, साठवत होतो, त्यामुळे कॉलसाठी तोच कोड पुन्हा वाचणे यंत्रणेला शक्यच नव्हते. सहा अंकी कोडच्या शक्यता अवघ्या 10 लाख असतात, त्या सगळ्या ताडून पाहता येतात, म्हणजे साध्या हॅशने मिळणारे संरक्षणही तोकडेच. तेव्हापासून आम्ही कोड पाच मिनिटांपुरता एन्क्रिप्ट करून ठेवतो. कॉल लावल्याने ही मुदत वाढत नाही आणि चुकीच्या प्रयत्नांची मोजणीही पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. नाहीतर कोड ओळखू पाहणाऱ्याला प्रत्येक कॉलबरोबर नव्या संधी मिळत राहतील.

फोनला रेंजच नसेल तर कॉलचाही उपयोग नाही, हे मला मान्य आहे. परंतु तुमच्या घरी कॉल वाजला, याचा अर्थ त्या क्षणी फोन नेटवर्कमध्ये होता आणि एसएमएस बहुधा वाटेतल्या एखाद्या रांगेत अडकला होता. अशा विलंबावर कॉलचा खरा उपयोग होतो, कारण त्याची वाट वेगळी असते. म्हणून मी कॉल काढून टाकण्याच्या बाजूचा नाही.

उरतो तो मुदत संपल्यावर येणारा एसएमएस. मोबाईल कंपनीकडे एसएमएस सोपवण्याच्या एसएमपीपी या प्रोटोकॉलमध्ये संदेशासोबत `validity_period`, म्हणजे संदेशाचा मुदतकाळ, देता येतो. पाच मिनिटांसाठी तो असा लिहितात:

```
000000000500000R
```

मधल्या कंपनीने आणि मोबाईल कंपनीने तो पाळला, तर पाच मिनिटांत न पोहोचलेला संदेश पुढे पाठवलाच जात नाही. सगळेच तो पाळत नाहीत. म्हणून आम्ही एसएमएसच्या मजकुरातच कोड किती वाजेपर्यंत चालेल ती वेळ लिहितो.