‘धन’ की ‘घन’? फोटो साफ करण्याबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “अंधुक फोटो ‘साफ’ करून भाषांतराला देऊ नका, असं तुम्ही मागच्या लेखात लिहिलंत. मला ते अजिबात पटलं नाही. मी फोटो शार्प करतो, मग ब्लॅक अँड व्हाइट करतो. अक्षरं लख्ख दिसतात, अ‍ॅप मजकूर वाचतं, इंग्रजी भाषांतर तयार. एका चार्जरच्या छापील माहितीपत्रकाचे चार फोटो पाठवतोय, मूळ आणि साफ केलेले. एकही शब्द अडला नाही. लोकांना उगाच घाबरवू नका.”

चारही फोटो उतरवून घेतले आणि काल रात्री निवांत बसून पाहिले. मूळ फोटो सोबत पाठवलेत हे फार बरं केलंत. नुसते साफ केलेले आले असते तर मलाही तुमच्यासारखंच वाटलं असतं.

पहिल्या फोटोबाबत तुमचं म्हणणं मान्य. तो फक्त काळोखा आहे, हललेला नाही. काळ्याला शून्य आणि पांढऱ्याला २५५ मानणाऱ्या पट्टीवर कागद ७० च्या आसपास आहे आणि शाई ३० च्या. डोळ्यांना पान अंधारात बुडालेलं दिसतं, पण दोन्हींत चाळीस पायऱ्यांचं अंतर आहे आणि कोऱ्या जागेतला दाणा, म्हणजे कॅमेऱ्याची बारीक खरखर, पाच-सहा पायऱ्यांपलीकडे जात नाही. हे अंतर ताणून सगळ्या पट्टीभर पसरवलं की अक्षर मोकळं होतं. माझा ठोकताळा असा आहे की शाई आणि कागद यांतला फरक दाण्याच्या तिपटीहून जास्त असेल तर अंधाराची चिंता करू नये. कागद १४ आणि शाई ९ असती तर मात्र कितीही उजळवा, दाणाच उजळला असता. कुठल्याही फोटो संपादकात कोऱ्या जागेवर आणि जाड अक्षराच्या पोटात कर्सर नेऊन हे आकडे वाचता येतात. दोन मिनिटांचं काम आहे.

चौथा फोटोही काळोखाच आहे, पण तिथे एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली. उजवीकडे खाली फोनची सावली पडली आहे. तुमच्या ब्लॅक अँड व्हाइटने संपूर्ण पानाला एकच उंबरठा लावला, म्हणजे त्याहून गडद ते सगळं काळं धरलं, त्यामुळे सावलीतला कागददेखील ‘काळा’ ठरला आणि शेवटच्या दोन ओळी डागात गेल्या. अ‍ॅपने त्या वाचल्याच नाहीत. शब्द अडला नाही तो याचमुळे! मूळ फोटोत त्या ओळी अगदी शाबूत आहेत. अशा वेळी आधी पानावरचा उजेड सपाट करून घ्यायचा, म्हणजे अक्षरं पुसलेल्या नुसत्या कागदाचं चित्र बनवायचं आणि मूळ फोटोला त्याने भागायचं:

```
import cv2
g = cv2.imread("page.jpg", 0)
k = cv2.getStructuringElement(cv2.MORPH_RECT, (25, 25))
bg = cv2.medianBlur(cv2.dilate(g, k), 51)
cv2.imwrite("page.png", cv2.divide(g, bg, scale=255))
```

यातला २५ हा आकडा अक्षराच्या रेघेपेक्षा चांगला जाड हवा, नाहीतर ठळक मथळे आतून पोकळ होतात. एवढं करून थांबायचं. चित्र करडंच राहू द्यायचं. मजकूर वाचणाऱ्या प्रोग्रॅमला काळं-पांढरं करायचं असेल तर ते तो स्वतः करतो. आपण आधीच केलं की कडेवरच्या करड्या छटा जातात, आणि शंकेच्या जागी निकाल लावताना नेमका त्यांचाच आधार असतो.

आता दुसरा फोटो. खरी गंमत तिथे आहे.

फोटो धूसर कशामुळे झाला हे पाहायला मी अनुस्वार शोधतो. छपाईत तो गोल ठिपका असतो, म्हणून त्याचं जे झालं तेच पानावरच्या प्रत्येक रेघेचं झालेलं असतं. तुमच्या पहिल्या फोटोत अनुस्वार सहा पिक्सेल रुंद आणि सहा उंच आहे. दुसऱ्यात उंची सहाच, पण रुंदी बारा. म्हणजे हात आडवा हलला, साधारण सहा पिक्सेल. शिरोरेखा कडक आणि दंड जाडजूड, ही त्याचीच खूण. (अंधारात फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, म्हणून काळोखा फोटो बहुधा हललेलाही असतो. पहिला वाचला हे तुमचं नशीब.)

सहा पिक्सेल ऐकायला किरकोळ वाटतात. पण ‘ध’ आणि ‘घ’ यांत ठळक फरक शिरोरेखेतल्या फटीचा, आणि या टंकात ती फट जेमतेम दोन पिक्सेलची आहे. आडव्या हलण्याने ती बुजली. ‘भ’ आणि ‘म’ यांचंही तेच. तुमच्या फोटोत आधी फटीच्या जागी फिकट करडेपणा तरी होता. शार्प केल्यावर तो गडद झाला आणि ब्लॅक अँड व्हाइटने तिथे सरळ अखंड रेघ ओढली. ‘लाल तार धन अग्राला जोडा’ याचं ‘घन अग्राला’ झालं आणि भाषांतरात चक्क ‘सॉलिड टर्मिनल’ आलंय. ते तुम्ही भाषांतराच्या माथी मारलं असणार. तो दोष भाषांतराचा नाही, त्याला मिळालेलं अक्षरच तसं होतं. ‘घन’ हा शब्द धडधाकट असल्याने शब्दकोशाने तपासलं तरी तो पकडला जात नाही.

हात तेवढाच, पण उभा हलला असता तर फट शाबूत राहिली असती आणि अनुस्वार शिरोरेखेत मिसळले असते. म्हणून ‘फोटो किती धूसर आहे’ एवढ्यावर काही ठरत नाही. धूसरपणा कुठल्या दिशेने आहे आणि त्या दिशेला अक्षराचा कुठला अवयव येतो, ते पाहावं लागतं.

दिशा आणि लांबी कळली असल्याने मी रिचर्डसन-लूसी पद्धतीने तो धूसरपणा उलटा फिरवून पाहिला. पानावरच्या चार ‘ध’पैकी तिघांत फट पुसटशी परत आली. लांबी सहाऐवजी नऊ दिली तेव्हा मात्र प्रत्येक दंडाच्या दोन्ही बाजूंना भुताटकीच्या रेघा उगवल्या. त्या उगवल्या की अंदाज चुकला असं समजायचं. ज्या ‘ध’त फट परत आली नाही तो नेमका ‘धन अग्रा’तलाच. त्याला मी खालच्या ओळीच्या आधाराने ‘ध’ म्हणतो, कारण तिथे ‘काळी तार ऋण अग्राला’ आहे आणि ‘ऋ’ची कुणाशी गल्लत होत नाही. हे अक्षर अर्थावरून लावलेलं आहे, फोटोत दिसलेलं नाही. म्हणून भाषांतराला देताना त्याच्याभोवती चौकटी कंस घातला.

तिसऱ्या फोटोत फोकसच चुकला आहे. अनुस्वार सगळीकडून सारखा पसरून अठरा पिक्सेलची फिकट चकती झालाय, म्हणजे प्रत्येक बिंदू बारा पिक्सेलच्या चकतीत पसरला. इथे डोळा फसतो. ‘तापमान’ शब्दातल्या ‘मा’त दंडापाठोपाठ काना येतो, दोघांत दहा पिक्सेल अंतर. दोन्ही रेघा बारा-बारा पिक्सेल पसरल्या की मधल्या पांढऱ्या जागेत एकमेकींवर चढतात, आणि जिथे मोकळी फट असायला हवी तिथेच सगळ्यात गडद पट्टा दिसतो. शार्प केल्यावर तो खोटा पट्टा खऱ्या रेघेसारखा ठसठशीत होतो. तुमच्या साफ केलेल्या प्रतीत तिथे ‘तापमन’ आहे. अ‍ॅपने ते मुकाट्याने ‘तापमान’ केलं, आणि बरोबर केलं. शब्दांना अशी मागून मदत मिळते.

आकड्यांना ती मिळत नाही. याच फोटोतली चौथी ओळ फ्यूजची आहे. तुमच्या भाषांतरात १५ अँपिअर आलंय. मूळ फोटोत मला १ दिसतो, ५ दिसतो, आणि मध्ये काहीतरी असावं असा संशय येतो. दशांशचिन्ह छपाईत पाचेक पिक्सेलचं. ते बाराच्या चकतीत पसरलं की त्याची शाई जवळपास सहापट क्षेत्रावर विरळ होते. या फोटोत शाई आणि कागद यांत साठ पायऱ्यांचा फरक आहे, म्हणजे ठिपक्याच्या वाट्याला दहा पायऱ्या आल्या, आणि दाणा पाच-सहाचा. माझ्या तिपटीच्या ठोकताळ्यात ते बसत नाही. तुमच्या ब्लॅक अँड व्हाइटने उरलेसुरले दहाही पुसले.

एक आडवाटेचा पुरावा मात्र आहे. त्याच पानावर ‘२५’ मधल्या दोन अंकांचे मध्य एकमेकांपासून ३१ पिक्सेलवर आहेत, इथे ४३ वर. म्हणजे मध्ये छापलेलं काहीतरी आहे खास. ते दशांशचिन्ह की छोटी आडवी रेघ, हे त्या फोटोतून सांगता येणार नाही, आणि अर्थावरूनही लागत नाही, कारण फ्यूज १.५ चाही असतो आणि १५ चाही. फोटो मोठा करून अक्षरं ‘भरून देणारं’ एखादं अ‍ॅप इथे सुबक १५ किंवा सुबक १.५ काढून देईल. तो त्याचा अंदाज असेल, फोटोतली माहिती नव्हे. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल यांनी झेरॉक्सच्या काही स्कॅनरांबाबत असाच प्रकार दाखवून दिला होता. जागा वाचवण्याच्या नादात ती यंत्रं सारखे दिसणारे तुकडे एकमेकांच्या जागी वापरत आणि ६ च्या जागी ८ छापून येई. छपाई स्वच्छ, आकडा चूक, आणि शंका घ्यायला कागदावर काहीच खूण नाही.

भाषांतराला दिलेल्या प्रतीत मी तिथे ‘१?५ अँपिअर’ लिहिलंय आणि भाषांतरातही प्रश्नचिन्ह तसंच ठेवलंय. सावलीतल्या दोन ओळी जोडल्या आहेत. बाकी पान तुमचंच.

माहितीपत्रक अजून हाताशी असेल तर फक्त तिसऱ्या पानाची चौथी ओळ पुन्हा काढा. फोन थोडा लांब धरून दुप्पट झूम करा, म्हणजे फोकस सहज बसेल आणि सावली पानावर येणार नाही. कोपरं टेबलावर टेकवा, उजेड बाजूने येऊ द्या, बोटाने त्याच ओळीवर फोकस लावा आणि तीन-चार फोटो घ्या. पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेत लहान केला जातो, आणि पाच पिक्सेलच्या ठिपक्याचे दोन उरतात. तोवर त्या चार्जरला पंधराचा फ्यूज बसवू नका.