"आमच्या पोरांना कुशीत घेऊन वाढवलं, कोणाला काय झालं?"

फॅमिली ग्रुपांवर फिरणारा मेसेज: "आमच्या सगळ्या पोरांना कुशीत घेऊन वाढवलं, कोणाला काय झालं? आईला झोपेतही बाळ कळतं. कॉट हे परदेशी फॅड, त्यात बाळ एकटं पडतं, आणि रात्री उठून पाजायला लागलं की आईचं दूध तुटतं."

पहिलं, "कोणाला काय झालं" हे. जुन्या घरात बाळंतीण झोपायची शेणाने सारवलेल्या जमिनीवर, चटईवर, फार तर एक पातळ गोधडी. ते अंथरूण कडक होतं, म्हणून बाळाचा श्वास कोंडण्याचा पुष्कळ धोका आपोआप टळायचा. आज फोंड्याच्या फ्लॅटमध्ये त्याच कुशीखाली जाड मऊ फोम आहे, दोन उशा, एसी लावला म्हणून कंफर्टर, आणि पलंग भिंतीपासून चार बोटं लांब. म्हणजे आजीच्या काळातली कुशी तेवढी उचलली आणि जमीन मागेच राहिली. आणि ज्या घरात काही झालं ते घर असले मेसेज पाठवत नाही, हेही आहेच.

आईला कळतं, यात तथ्य आहे, उगाच नाकारू नये. अंगावर पाजणारी आई बहुतेक वेळा बाळाकडे तोंड करून, त्याच्याभोवती गुडघे वळवून झोपते, आणि बाळ हललं की जागी होते. पण कंफर्टरला काही कळत नाही ना. बाळाचं नाक मऊ गादीत दाबलं गेलं तर ते रडत नाही, कारण रडायला श्वास लागतो, सगळं आवाज न होता होतं, मग आईला कळणार कशावरून? सर्दीची गुंगी आणणारी गोळी घेतली असेल तर आईलाही कळत नाही, आणि लग्नावरून दोन पेग घेऊन आलेल्या बाबाला तर नाहीच नाही. त्यात बाळ ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं असेल, वजन अडीच किलोच्या खाली असेल, घरात कोणी सिगरेट ओढत असेल किंवा बाळ अजून चार महिन्यांचंही नसेल तर धोका आणखी वाढतो, तिथे एका अंथरुणाचा विषयच बंद.

एकटं पडण्याचं म्हणाल तर कॉट दुसऱ्या खोलीत ठेवा असं बालरोगतज्ज्ञ सांगतच नाहीत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०२२ चा सल्लाही हाच आहे, निदान पहिले सहा महिने खोली एक, अंथरूण वेगळं. कॉट पलंगाला लागून, हात घातला की बाळाच्या छातीवर पोचेल एवढ्यावर. आत कडक सपाट गादी, घट्ट बसणारी चादर, बाळ पाठीवर, बस्स. राईची उशी नको, कॉटच्या कडेला बांधायचा मऊ बंपर नको, टेडी नको. डासांसाठी मच्छरदाणी लावाच, पण ताणून, तोंडावर लोंबेल अशी नाही. साडीची झोळी आमच्याकडे सगळ्यांना प्रिय, पण तिच्यात बाळ वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते, त्यामुळे दिवसा समोर बसून झुलवा, रात्रभर नाही.

आता दुधाचं, आणि इथे मला कॉटवाल्यांचाही राग येतो. "बेडवर घ्यायचंच नाही" एवढं डोक्यात भरवलं की दमलेली आई पहाटे तीनला पाजायला सोफ्यावर जाऊन बसते, आणि तिथेच डोळा लागतो. सोफा, आरामखुर्ची ही बाळासोबत झोप लागायला सगळ्यात वाईट जागा, बाळ आईचं अंग आणि पाठीच्या गादीमध्ये घसरतं. डोळा लागेल असं वाटत असेल तर पलंगावरच आडवं होऊन पाजा, आधी उशा आणि पांघरूण लांब करा, पलंगावर तुमच्याशिवाय कोणी नको, जाग आली की बाळ कॉटमध्ये. एवढ्याने दूध तुटत नाही, कॉट हाताशी असली की पाजणं चालूच राहतं.

गणपतीच्या चवथीला आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या घरी काय होतं ते सांगते. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली, आरत्या झाल्या की हॉलभर अंथरुणं पडतात आणि मोठ्या काकी म्हणतात, "दी गो इकडे, मी घेऊन झोपते, तू झोप जरा." प्रेमाने म्हणतात, पण बाजूला दोन नातवंडं, वर जाड गोधडी. तिथे आकडे सांगून उपयोग नाही. बोलायचं नवऱ्याने, कारण काकी त्याची, आणि तेही दुपारीच, रात्री सगळ्यांसमोर नाही: "काकी, बाळ अडीच किलोच्या खाली जन्मलं, डॉक्टरांनी वेगळं निजवायला सांगितलंय." जे खरं असेल तेच सांगायचं. आमच्याकडे कॉट नेता येत नाही तर खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर कडक चटई, वर दुपदरी घट्ट चादर, भिंतीपासून हातभर लांब, वर छत्रीवाली मच्छरदाणी. ते बघून काकीच म्हणाल्या, असंच तर आम्ही निजवायचो. सकाळचं तेल-न्हाणं आणि दुपारची मांडी मात्र त्यांचीच, फक्त मांडीवर त्यांना पेंग आली की बाळ उचलायचं, हे काम पुतणीला दिलंय आणि ती ते फार कडकपणे करते.