जामीनदाराची सही नावापुरती नसते

"जामीनदार म्हणजे नावापुरती सही. कर्ज दोस्ताचं, त्यामुळे बँक आधी त्यालाच धरणार. आपल्या कर्जाला त्याचा काही त्रास नाही, आणि नकोसं वाटलं तर नाव काढून घेता येतं."

आधी त्यालाच धरलं पाहिजे असं बंधन बँकेवर नाही. करार कायदा, १८७२ चं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कोल्हापुरात बरीच कर्जं पतसंस्था आणि सहकारी बँकांकडून घेतली जातात. तिथे हप्ते थकले की सहकार कायद्याखाली '१०१ चा दाखला', म्हणजे वसुलीचा दाखला, निघतो आणि त्यात जामीनदाराचंही नाव येतं. दोस्ताचं वर्कशॉप बंद पडलेलं असतं, जामीनदाराचा पगार मात्र दरमहा जमा होतो. वसुली कुठे सोपी, हे वसुली अधिकाऱ्याला कळतं.

पण सगळ्यात जास्त फसगत होते ती स्वतःच्या कर्जाच्या बाबतीत, आणि तीही दोस्त हप्ते वेळेवर भरत असताना. समजा, शिरोली एमआयडीसीतल्या मित्राने लेथ मशीनसाठी ८ लाख घेतले, १२ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता साधारण १७,८०० रुपये. जामीनदाराच्या हातात पगार येतो ६० हजार, आणि त्याला घर घ्यायचंय. बँकेने पगाराच्या निम्मा, म्हणजे ३० हजारांचा हप्ता झेपेल असं धरलं, तर ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी सुमारे ३३ लाख मिळतात. बँकेने मित्राचा हप्ताही त्याच्या अंगावर धरला, तर उरतात १२,२००, आणि कर्ज येतं साडेतेरा लाखांवर. सगळ्या बँका असं धरत नाहीत; काही नियमित खातं सोडून देतात, काही त्याचा थोडा भागच मोजतात. म्हणून घराचा बयाणा देण्याआधी ज्या बँकेकडून कर्ज घ्यायचं, तिथल्या कर्ज विभागालाच हे विचारावं. सिबिल अहवालात ते खातं 'जामीनदार' म्हणून दिसू शकतं, आणि थकलं तर त्याचा डागही तिथेच लागतो. वर्षातून एकदा हा अहवाल फुकट मिळतो.

नाव काढून घेणं आपल्या मर्जीवर नसतं. चालू मुदत कर्जातून बाहेर पडायला बँकेची संमती लागते, आणि ती बहुधा तितक्याच ऐपतीचा दुसरा जामीनदार मागते. पुढच्या व्यवहारांपुरता जामीन नोटीस देऊन थांबवण्याची सोय करार कायद्याच्या कलम १३० मध्ये आहे, पण ती कॅश क्रेडिटसारख्या सतत चालणाऱ्या जामिनासाठी. आधीच उचललेल्या पैशांची जबाबदारी त्या नोटिशीने सुटत नाही. भरलेली रक्कम मित्राकडून वसूल करण्याचा हक्क त्याच कायद्याचं कलम १४५ देतं. पण तोवर मित्राकडे द्यायला काही उरलेलं नसतं, म्हणून तर ती आपल्याला भरावी लागलेली असते.

सही करणारच असाल, तर जामीनपत्राची प्रत त्याच दिवशी मागून घ्या आणि दर तीन महिन्यांनी मित्राकडून कर्जखात्याचा उतारा पाहायला मागा.