पान चौदा, दोनदा

साडूभाऊंचा फोन आला तेव्हा मार्च संपायला चार दिवस उरले होते. “तुम्ही करार वाचता ना? एक बघायचाय. छोटासाच आहे.”

करार वाचणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे ‘छोटासाच’ ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. त्यांनी कार्यालयासाठी छपाईचं यंत्र वर्षभराच्या भाड्यानं घेतलं होतं. मुदत 30 जूनला संपत होती आणि यंत्र त्यांना परत करायचं होतं. प्रश्न एवढाच होता की आधी किती दिवस कळवायचं. वेळेत कळवलं नाही, तर करार आपोआप आणखी एक वर्ष वाढणार होता. हे मात्र त्यांना पक्कं आठवत होतं.

“सही केलेली प्रत पाठवा,” मी म्हणालो.

पाच मिनिटांनी मेल आला. सोबत पाच फायली:

```
karar.docx
karar_final.docx
karar_final_2.docx
karar_final_nakki.docx
karar_final_nakki_JUNA.docx
```

“यातली शेवटची कुठली?”

“ती नक्की-वाली असावी.”

“मग नक्की-जुना काय आहे?”

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग त्यांनी विचारलं, “तारखेवरून नाही कळत?”

या तारखेनं आजवर भल्याभल्यांना फसवलंय. फाईल बदलल्याची तारीख म्हणजे कोणीतरी ती शेवटची सेव्ह केल्याची तारीख, मग ते काय बदलायला असो. पाचांतली सगळ्यात ताजी होती `karar.docx`, मागच्या आठवड्यातली. चौकशी केल्यावर कळलं, यांनी यंत्र दुरुस्तीवाल्याचा फोन नंबर शोधायला ती उघडली, नंबर ठळक केला आणि सेव्ह करून टाकली. म्हणजे सगळ्यात पहिला मसुदा सगळ्यात तरुण दिसत होता. तयार केल्याच्या तारखेचंही तसंच. फाईल दुसऱ्या संगणकावर कॉपी केली की ती पुष्कळदा नव्यानं जन्मते. दोन फायलींचा जन्म त्यांच्यातल्या शेवटच्या बदलानंतरचा निघाला.

तेव्हा नाव आणि तारीख दोन्ही बाजूला ठेवून मी आतला मजकूर चाळू लागलो. मसुदा किती शिजलाय हे त्याच्या अंगावरच दिसतं. पहिल्यात भाड्याच्या जागी नुसता रिकामा चौकोनी कंस होता, म्हणजे तो बाद. दुसऱ्यात समासात शेरा होता, “90 दिवस जास्त होतात का? विचारून सांगतो.” तो कोणी लिहिला, कोणाला विचारलं, काय उत्तर आलं, हे शेऱ्यानं सांगितलं नाही. तिसऱ्यात ‘कलम 9.2 प्रमाणे’ असं लिहिलेलं होतं आणि कलम 9 ला पोटकलमंच नव्हती. मधलं काहीतरी कापलं गेलं होतं आणि त्याची खूण उरली होती. अशा मसुद्यावर अजून कोणाचा तरी हात फिरायचा असतो.

उरले ‘नक्की’ आणि ‘नक्की-जुना’. वर्डमध्ये दोन फायली शेजारी ठेवून फरक दाखवायची सोय असते, तिच्यात दोन्ही घातल्या. दोन्ही चौदा पानांच्या, आणि फरक फक्त दोन ठिकाणी. एकीत पूर्वसूचना 60 दिवसांची, दुसरीत 30. आणि शेवटच्या पानावर एकीत ‘सर्वस्वी’, दुसरीत ‘सवस्वी’. रफार राहून गेला होता.

“तुम्ही सही कशावर केलीत?” मी विचारलं.

“कागदावर.”

साडूभाऊंशी भांडण करता येत नाही, बायका बहिणी असतात.

मी म्हटलं, समोरच्या कंपनीकडून सही केलेली प्रत मागवा. त्यांना ते कमीपणाचं वाटलं. “आपल्याकडे करार नाही हे त्यांना कशाला कळू द्यायचं?” शेवटी त्यांनी ‘हिशेबासाठी सह्यांचं पान हवंय’ असा शहाणपणा केला, आणि कंपनीनं मागितलं तेवढंच दिलं. एकच स्कॅन केलेलं पान. तळाला ‘पान 14 / 14’, खाली दोन सह्या आणि वर मागच्या पानावरून वाहत आलेल्या तीन ओळी. त्यात ‘सवस्वी’.

साडूभाऊ हर्षभरित झाले. “म्हणजे तीस दिवसांची! मेअखेरपर्यंत वेळच वेळ!”

मोह मलाही झाला. पण सह्यांचं सुटं पान आपल्यामागच्या तेरा पानांची साक्ष देत नाही. लोक सही आधी घेऊन ठेवतात, मजकूर मागाहून बदलतात आणि जुनं पान नव्याला जोडतात. इंग्लंडमध्ये 2008 साली असंच प्रकरण न्यायालयात गेलं होतं. आधीच्या मसुद्यावरची सह्यांची पानं नंतरच्या मजकुराला जोडली होती, आणि सही होते त्या वेळी तो दस्तऐवज एक स्वतंत्र वस्तू म्हणून अस्तित्वात हवा, असं न्यायालयानं म्हटलं. शिवाय आमच्या पाचही मसुद्यांत ‘हाच संपूर्ण करार, आधीचे सगळे रद्द’ असं कलम होतं. म्हणजे सही झालेला कागद एकदा सापडला की उरलेले चार पाहुणे. फक्त यजमान कोण, तेच ठरत नव्हतं.

मग मी प्रश्नच उलटा केला. कुठला मसुदा खरा हे ठरवायचंच कशाला? कोणताही खरा निघाला तरी चालेल असं काय करता येईल? 30 जूनपासून मागे मोजलं. तीस दिवस म्हणजे 31 मे, साठ म्हणजे 1 मे, नव्वद म्हणजे 1 एप्रिल. नव्वदवाल्यालाही अजून हातात वेळ होता, जेमतेम. एका मसुद्यात सूचना नोंदणीकृत टपालानं द्यायची होती, दुसऱ्यात ईमेलनं, तिसऱ्यात हातोहात देऊन पोच घ्यायची. आम्ही तिन्ही केलं. पत्रात कलमाचा आकडा घातला नाही, कारण नूतनीकरण एकीकडे 11.2 मध्ये होतं, दुसरीकडे 12.1 मध्ये. ‘करारातील नूतनीकरणाच्या तरतुदीनुसार’ एवढंच लिहिलं.

ही युक्ती दर वेळी चालत नाही, हे साडूभाऊंना सांगणं भाग होतं. सूचना लवकर दिली तर सगळे मसुदे एकदम खूश होतात. पण उशिराच्या भाड्यावर एका मसुद्यात व्याज आहे आणि दुसऱ्यात नाही, तिथे मधला रस्ता नसतो. तिथे सही झालेला अख्खा कागद लागतो, नाहीतर कोणी कोणाला काय पाठवलं आणि कोण ‘चालेल’ म्हणालं, ते मेल उकरावे लागतात. ते म्हणाले, “पण भाडं मी वेळेवरच भरतो.” विषय संपला.

चार दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. सूचना मिळाली, यंत्र 30 जूनला उचलून नेऊ. खाली सौजन्यानं एक ओळ: ‘करारानुसार 45 दिवस आधी कळवणं पुरेसं होतं.’

पंचेचाळीस आमच्या एकाही मसुद्यात नव्हतं.

आता मात्र मीच अख्खी प्रत मागवली, आणि ती लगेच आली. पहिल्या पानाच्या तळाला ‘पान 1 / 15’. पुढे सरकत गेलो. पान 13 / 15. पान 14 / 15. आणि त्यानंतर, थोडंसं तिरकं स्कॅन झालेलं, सह्या आणि ‘सवस्वी’सकट, पान 14 / 14.